मत परीक्षकाचे, गुण विद्यार्थ्याचे

(माध्यमिक शाळांतील भाषाशिक्षकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



1961 साली अमेरिकेत पॉल डिडेरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे 300 निबंध त्यांनी 53 वाचकांकडून तपासून घेतले. हे वाचक साधेसुधे नव्हते. त्यांत भाषेचे प्राध्यापक होते, समाजशास्त्राचे आणि विज्ञानाचे अध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील आणि उद्योगांतील अधिकारीही होते. प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे निबंधांचे नऊ गट पाडायचे होते. निकष मात्र मुद्दाम कोणालाच दिले नव्हते. निष्पन्न असे झाले की, 300 पैकी 101 निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. एकाच निबंधाला कोणी सर्वोत्तम ठरवले, तर कोणी सर्वांत खालच्या गटात टाकले. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या, असा एकही निबंध त्या गठ्ठ्यात नव्हता.

या प्रयोगातून वाचकांचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या वाचकांच्या शेऱ्यांचे पृथक्करण केल्यावर दिसले की, त्यांचे पाच प्रकारचे गट पडतात. कोणी विचार पाहत होते, कोणी शुद्धलेखन आणि व्याकरण, कोणी मांडणी, कोणी शब्दयोजना, तर कोणी लेखकाची शैली. प्रत्येक जण प्रामाणिकपणेच मोजत होता. पण प्रत्येकाच्या हातातले माप वेगळे होते. निबंधाच्या गुणदानात होणारा अन्याय बहुधा असाच, प्रामाणिक माणसांकडून होतो. म्हणून त्यावरचा उपाय 'परीक्षकाने निःपक्षपाती असावे' या उपदेशात नाही. काय मोजायचे आणि कोणत्या खुणेवरून मोजायचे, हे पेपर हाती येण्याआधी लिहून ठेवण्यात तो आहे. या लेखी मापाला शिक्षणक्षेत्रात आज 'रुब्रिक' म्हणतात. मराठीत त्याला निकषसारणी म्हणता येईल.

मतप्रतिपादनाच्या निबंधाला ही सारणी इतर कोणत्याही निबंधापेक्षा अधिक लागते. 'माझा आवडता ऋतू' या निबंधात विद्यार्थ्याला वर्षा आवडली काय आणि शिशिर आवडला काय, परीक्षकाचे काही बिघडत नाही. परंतु जेथे विद्यार्थ्याने एक बाजू घेऊन ती दुसऱ्याला पटवून द्यायची असते, तेथे परीक्षकाचीही एक बाजू असतेच. आपल्याला पटणारे मत वाचताना त्यातील उणिवा डोळ्यांआड होतात. न पटणारे मत वाचताना तांबडे पेन आपोआप हातात येते. ज्याचे मत ठाम, त्या शिक्षकाला हा धोका अधिक. म्हणूनच तो ध्यानात घेऊन सारणी बांधावी लागते.

एक प्रश्न, दोन निबंध

उदाहरण म्हणून नववीच्या वर्गाला दिलेला एक प्रश्न घेऊ: 'गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजे असावा की नसावा, याविषयी तुमचे मत तुमच्या भागातील गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांना पटवून द्या.' हा प्रश्न मुद्दाम निवडलेला आहे. भाषा शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांचे या विषयावर पक्के मत असते, आणि ते डीजेच्या विरोधात असण्याचाच संभव अधिक.

पहिल्या निबंधाला 'अ' म्हणू. हस्ताक्षर वळणदार, परिच्छेद नेटके, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. विद्यार्थिनी डीजेच्या विरोधात आहे. ती लिहिते: 'लोकमान्य टिळकांनी 1893 मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा डीजे नव्हता. मग आजच त्याची आवश्यकता का भासावी? आपल्या उत्सवाचे पावित्र्य जपणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.' पुढे ध्वनिप्रदूषणाचे दुष्परिणाम येतात. प्रतिपक्षासाठी एकच वाक्य आहे: 'काही तरुणांना डीजे आवडतो, पण त्यांचे विचार चुकीचे आहेत.'

दुसरा निबंध 'ब'. अक्षर वाकडेतिकडे, परिच्छेद असा एकच, आणि मधूनमधून 'नाय', 'व्हतं', 'आमच्यात' अशी घरची बोली. हा विद्यार्थी डीजेच्या बाजूने आहे. पण त्याचे म्हणणे असे आहे की, डीजे असावा, मात्र रात्री दहाला बंद व्हावा आणि इस्पितळाच्या रस्त्यावर वाजूच नये. त्याच्या आळीतील एका तरुणाने कर्ज काढून साउंड सिस्टिम घेतली आहे. उत्सवाच्या सुपाऱ्यांवरच त्याचे वर्षाचे हप्ते फिटतात. मंडळाने आयत्या वेळी पूर्ण बंदी घातली तर त्याचे घर अडचणीत येईल, आणि वेळ व जागा ठरवून दिली तर त्रासही घटेल व धंदाही राहील, असे त्याने सांगितले आहे. पुढे तो लिहितो: 'माझ्या आजीला आवाजाने त्रास व्हतो, हे मी बघतो. म्हणून मी आवाज कमी करा म्हणतो. पण ढोलाचा पण आवाज मोठाच असतो, मग एकट्या डीजेला बंदी का?'

पुष्कळ शाळांत निबंधासाठी जी विभागणी वापरली जाते, ती साधारण अशी असते: विषयज्ञान 5, मांडणी 5, भाषाशैली 5, शुद्धलेखन व हस्ताक्षर 5. या मापाने 'अ' ला 4, 4, 5 आणि 5, म्हणजे 20 पैकी 18 गुण सहज मिळतील. 'ब' ला 3, 2, 2 आणि 2, म्हणजे 9. आता मुळातला प्रश्न पुन्हा वाचावा. 'कार्यकर्त्यांना पटवून द्या' असे प्रश्न म्हणतो. या दोघांपैकी कोणाचा निबंध वाचून मंडळाचा कार्यकर्ता विचारात पडेल? या जुन्या सारणीत 'पटवणे' या कृतीला एकही गुण ठेवलेला नाही. उलट बोली, अक्षर आणि अशुद्ध शब्द यांची शिक्षा 'ब' ने तीन ठिकाणी भोगली: मांडणीत, शैलीत आणि शुद्धलेखनात. ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोलली जात नाही, त्याच्याकडून एकाच उणिवेचा दंड तीनदा वसूल झाला.

काय मोजायचे?

पहिले काम निकष ठरवण्याचे. दुसऱ्याला पटवून देण्यात काय काय असते, याचा विचार आपल्या न्यायशास्त्राने फार पूर्वी केला आहे. न्यायसूत्रांत अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धूरयुक्त आहे, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. शाळकरी निबंध म्हणजे काही शास्त्रशुद्ध अनुमान नव्हे. डीजे असावा की नसावा हे धुरावरून अग्नी ओळखण्याइतके निश्चितही नाही. तरीही शिक्षकाला यातून एक नेमकी नजर मिळते. विद्यार्थ्यांच्या निबंधांत प्रतिज्ञा असते, हेतू असतो, बरेचदा उदाहरणही असते. गळतो तो बहुधा उपनय, म्हणजे 'हे उदाहरण माझ्या म्हणण्याला कसे लागू पडते' हा सांधा.

'अ' मधील टिळकांचे वाक्य या नजरेने तपासावे. 1893 साली डीजे नव्हता हे खरे. पण त्या काळी आजची विजेची रोषणाईही नव्हती, आणि ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. तेव्हा एखादी गोष्ट पूर्वी नव्हती, एवढ्यावरून ती आज नसावी हे सिद्ध होत नाही. उत्सवाचा जो हेतू होता त्यालाच डीजेमुळे बाधा येते, हे दाखवले असते तर सांधा जुळला असता. लोकमान्यांचे नाव वाचून परीक्षकाचे मन प्रसन्न होते आणि नेमक्या याच ठिकाणी युक्तिवादाचे गुण फुकट दिले जातात. त्या नावाविषयीचा आदर आणि त्या वाक्यातील तर्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी शिकवण पूर्वपक्षाची. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे आणि मगच त्याचे उत्तर द्यायचे, ही आपल्या शास्त्रग्रंथांची रीत आहे. तत्त्व जाणण्यासाठी होणारा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होणारा तो जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडणे ती वितंडा, असा भेद न्यायशास्त्राने केला आहे. मतप्रतिपादनाच्या निबंधात पूर्वपक्षाला स्वतंत्र गुण ठेवले, की विद्यार्थी वादाकडे वळतो. ते ठेवले नाहीत, तर घोषणा देणे हाच गुण मिळवण्याचा सोपा मार्ग ठरतो.

यावरून 20 गुणांची सारणी अशी बनते: भूमिका 4, कारणे व आधार 8, प्रतिपक्षाचा विचार 4, मांडणी 2 आणि भाषा 2. हस्ताक्षराला गुण नाहीत. अक्षर लागतच नसेल, तर दुसऱ्या शिक्षकाकडून वाचून घ्यावे. भाषेचे मोजमाप फक्त भाषेच्या रकान्यात होईल. प्रमाण लेखन शिकवणे हे शाळेचे काम आहे, म्हणून तो रकाना हवाच. परंतु 'व्हतं' या शब्दामुळे एखादे कारण दुबळे होत नाही, म्हणून कारणांच्या रकान्यात त्याची दखल घ्यायची नाही.

पायऱ्या शब्दांत कशा बांधायच्या?

निकष ठरले तरी अर्धेच काम झाले. 'उत्तम 4, चांगले 3, बरे 2, असमाधानकारक 1' अशी सारणी पुष्कळ ठिकाणी दिसते. ती दिसायला नेटकी असते. पण तिच्यात मापच नसते, कारण एकाचे 'चांगले' ते दुसऱ्याचे 'बरे' असते. डिडेरिक यांच्या वाचकांचा मतभेद अशा सारणीत जशाच्या तसा शिल्लक राहतो. पायरीच्या वर्णनात विशेषण नको, कागदावर बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण हवी.

प्रतिपक्षाच्या रकान्याचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या बाजूचा उल्लेखच नसेल, तर शून्य. उल्लेख आहे, पण तिचे एकही कारण न सांगता ती नुसती नाकारली किंवा तिची टवाळी केली असेल, तर 1. प्रतिपक्षाचे एखादे कारण सांगितले आहे, पण दिलेले उत्तर त्या कारणाला लागू पडत नाही, तर 2. कारण सांगून त्यालाच थेट उत्तर दिले असेल, तर 3. प्रतिपक्षाचे सर्वांत सबळ कारण त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडून त्याला उत्तर दिले असेल, किंवा त्याचा काही भाग स्वीकारून स्वतःची भूमिका तेवढी बदलली असेल, तर 4.

कारणांचा रकाना असाच. केवळ मताची पुनरुक्ती असेल, तर शून्य. कारणे आहेत, पण त्यांना उदाहरण, वस्तुस्थिती किंवा अनुभव यांपैकी कशाचाच आधार नाही, तर 1. आधार आहे, पण तो भूमिकेला कसा लागू पडतो हे सांगितलेले नाही, तर 2. निदान एका कारणाचा आधार आणि सांधा दोन्ही स्पष्ट असतील, तर 3. अशी दोन स्वतंत्र कारणे असतील, तर 4. या रकान्याचे वजन दुप्पट, म्हणून आलेला आकडा दोनने गुणायचा.

ही वर्णने खोलीत बसून कल्पनेने लिहू नयेत. आधी त्याच इयत्तेचे वीस-पंचवीस खरे निबंध घ्यावेत, ते वाचून त्यांचे तीन-चार गठ्ठे करावेत आणि मग स्वतःला विचारावे की, हा निबंध या गठ्ठ्यात का आला आणि तो त्या गठ्ठ्यात का गेला. जे उत्तर येईल तेच पायरीचे वर्णन. कल्पनेने लिहिलेल्या सारणीची वरची पायरी बहुधा महाविद्यालयाची असते आणि सगळा वर्ग खालच्या दोन पायऱ्यांत कोंबला जातो. तसे झाले की, मुलांतील फरक दाखवण्याची सारणीची शक्तीच संपते.

आता दोन्ही निबंध नव्या मापाने पाहू. 'अ' ची भूमिका स्पष्ट आहे. पण मंडळाने नेमके काय करावे हे तीत नाही, म्हणून 3. कारणांना आधार आहे, सांधा नाही. म्हणून दुसरी पायरी, दुप्पट करून 4. प्रतिपक्षाला 1, मांडणी 2, भाषा 2. एकूण 12. 'ब' ची भूमिका मर्यादांसह नेमकी आहे, 4. कर्जाचे उदाहरण सांध्यासह आले आहे. ढोलाचा मुद्दा मात्र प्रश्न विचारून सोडून दिला आहे. म्हणून तिसरी पायरी, दुप्पट करून 6. आजीचा त्रास मान्य करून त्याने आवाज आणि वेळ यांची मर्यादा सुचवली, हे थेट उत्तर झाले, म्हणून 3. चौथी पायरी नाही, कारण प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ आक्षेप, म्हणजे 'मर्यादा ठरतात, पण पाळत कोणी नाही', हा त्याने हाताळलेलाच नाही. मांडणी 1, भाषा 1. एकूण 15.

जुन्या मापाने 18 आणि 9, नव्या मापाने 12 आणि 15. येथे 'ब' वर मेहेरनजर झालेली नाही. भाषा आणि मांडणी यांतील त्याच्या उणिवा नोंदल्या गेल्याच आहेत. 'अ' चीही हानी झालेली नाही. आधी तिला मोठे गुण मिळत होते आणि काय सुधारावे हे कळत नव्हते. आता उपनय आणि पूर्वपक्ष या दोन ठिकाणी नेमके काम करायचे आहे, हे तिला समजेल.

माहितीचा असमान साठा

एक अडचण प्रश्नपत्रिकेतच असते. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येते आणि चर्चा होते, त्याला ध्वनिप्रदूषणाचे नियम ठाऊक असतात. दुसऱ्याला ते ठाऊक नसतात. मग तो 'एका सर्वेक्षणानुसार 85 टक्के लोकांना' असा आकडा बसल्या जागी तयार करतो. परीक्षागृहात त्याची शहानिशा होऊ शकत नाही, आणि आकडा पाहून पुष्कळदा गुण मिळून जातात. अशा सारणीतून मूल खोटा पुरावा रचायला शिकते.

यावर दोन उपाय आहेत. प्रश्नाखालीच चार-पाच ओळींची माहिती छापावी. उदाहरणार्थ, ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. मात्र उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ही माहिती दोन्ही बाजूंना वापरता येते, हे महत्त्वाचे. एकाच बाजूच्या कामी येणारी माहिती दिली, तर प्रश्नच पक्षपाती होतो. दुसरा उपाय सारणीत लिहून ठेवायचा: ज्याचा उगम सांगितलेला नाही तो आकडा आधार म्हणून धरू नये, त्याबद्दल गुण कापूही नयेत, परंतु एखादे कारण उघडपणे चुकीच्या वस्तुस्थितीवरच उभे असेल, तर त्याला दुसऱ्या पायरीच्या वर नेऊ नये.

तसेच 'विरोधी मताचाही विचार करा' हे वाक्य प्रश्नात असलेच पाहिजे. जे मागितले नाही त्याचे गुण कापणे हा अन्याय आहे, सारणी कितीही चांगली असो.

सारणीचीच परीक्षा

सारणी न्याय्य आहे की नाही, हे ती वाचून कळत नाही, वापरून कळते. दोन शिक्षकांनी तेच 30 निबंध एकमेकांचे गुण न पाहता तपासावेत आणि मग रकान्यागणिक तुलना करावी. समजा, भूमिकेच्या रकान्यात 25 निबंधांवर एकमत झाले आणि प्रतिपक्षाच्या रकान्यात केवळ 12 निबंधांवर. येथे एकूण गुणांची सरासरी पाहून समाधान मानू नये. मतभेद कसा आहे ते पाहावे. एक शिक्षक सगळीकडे सारखाच एका गुणाने कमी देत असेल, तर तो कडक आहे; चार नमुना-निबंध एकत्र बसून तपासले की तो फरक बहुतांशी मिटतो. परंतु कधी हा जास्त, कधी तो जास्त, अशी विखुरलेली तफावत असेल, तर दोष माणसांचा नाही, पायरीच्या शब्दांचा आहे.

या 18 मतभेदांतील बहुतेक पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या दरम्यान निघाले, असे धरू. निबंध काढून पाहिल्यावर कारण सापडते: 'काही जणांना वाटते की डीजेमुळे उत्साह येतो, पण ते बरोबर नाही' या वाक्यात प्रतिपक्षाचे कारण सांगितले आहे की नाही? एकाने 'उत्साह येतो' हे कारण मानले, दुसऱ्याने मानले नाही. मग सारणीखाली एक ओळ जोडायची: 'प्रतिपक्षाला काय वाटते याबरोबर तसे का वाटते तेही लिहिले असेल, तरच कारण धरावे.' अर्थात हे वाक्य पहिल्या पायरीवर राहील. मग दुसरे 30 निबंध घेऊन पुन्हा तुलना करायची. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर सारणी स्थिरावते. प्रत्येक पायरीचा एकेक नमुना-निबंध तिला जोडून ठेवला, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नव्या शिक्षकालाही तेच माप हाती मिळते.

दुसरी कसोटी परीक्षकाच्या मनाची आहे. एखादा निबंध घ्यावा आणि त्याची रचना तशीच ठेवून बाजू तेवढी उलटवावी. 'ब' मध्ये कर्जबाजारी साउंडवाल्याच्या जागी डीजेमुळे सुपारी गमावलेला पारंपरिक ताशेवाला आणावा, आजीच्या जागी डीजेवर नाचायला आवडणारा भाऊ आणावा. कारणे, सांधे आणि प्रतिपक्षाचे उत्तर यांची घडण तीच ठेवावी. दोन्ही रूपे ओळख न देता वेगवेगळ्या गठ्ठ्यांत मिसळून त्याच शिक्षकांकडे द्यावीत. दोघांना सारखे गुण पडले, तर सारणी मताला नव्हे, युक्तिवादाला गुण देते. एकाला 15 आणि दुसऱ्याला 18 पडले, तर मधले तीन गुण विद्यार्थ्याचे नसून परीक्षकाच्या मताचे आहेत. ही कसोटी थोडी बोचते. पण तिच्याइतके स्पष्ट उत्तर दुसरी कोणतीही चर्चा देत नाही.

प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी दोन सवयी उपयोगी पडतात. नावाची बाजू दुमडून ठेवावी. आणि एक पूर्ण निबंध संपवून दुसरा घेण्याऐवजी, आधी सगळ्या गठ्ठ्यातील कारणांचा रकाना तपासावा, मग गठ्ठा उलटासुलटा करून प्रतिपक्षाचा, आणि भाषेचा सर्वांत शेवटी. एका रकान्यातील प्रभावाचा रंग दुसऱ्या रकान्यावर चढतो, तो यामुळे बराच कमी होतो. उत्कृष्ट निबंधानंतर लगेच आलेल्या मध्यम निबंधाला दरवेळी तोच फटका बसत नाही. यात वेळ अधिक जातो, हे खरे आहे. 60 मुलांच्या वर्गात प्रत्येक चाचणीला हे शक्य नाही; पण सत्राच्या एका मोठ्या निबंधाला ते करता येते.

सारणीची मर्यादा

सारणी विद्यार्थ्यांना आधी दिली पाहिजे, नाहीतर ते अंधारातील नेमबाजी करतात. पण ती दिली की वर्षभरात एक नवा दोष दिसू लागतो. प्रत्येक निबंधाच्या तिसऱ्या परिच्छेदात 'काही लोक म्हणतात की' हे वाक्य येते, त्यानंतर एक लुटुपुटूचा आक्षेप येतो आणि दोन ओळींत तो पाडला जातो. हा पूर्वपक्ष नव्हे, पूर्वपक्षाचे बुजगावणे आहे. ते ओळखण्याची खूण सोपी आहे: त्या बाजूच्या माणसाला तो आक्षेप वाचून दाखवला, तर 'होय, हेच माझे म्हणणे' असे तो म्हणेल का? म्हणणार नसेल, तर चौथी पायरी नाही. वर्गात याच कारणासाठी विद्यार्थ्यांना बाजू बदलून लिहायला लावावे. स्वतःला न पटणाऱ्या मताचा पूर्वपक्ष ज्याला नीट लिहिता येतो, त्याला बुजगावण्याची गरज पडत नाही.

आणि कधीतरी एखादा असा निबंध येतोच, जो सारणीच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. एखादी मुलगी प्रतिपक्षाचा उल्लेखही न करता, आपल्या आजोबांच्या अखेरच्या आजारपणातील मिरवणुकीची एक रात्र अशी लिहून जाते की, वाचणारा कार्यकर्ता आवाज कमी करून मोकळा होईल. सारणीने तिला प्रतिपक्षाचे शून्य मिळते. अशा वेळी गुण गुपचूप वाढवू नयेत आणि सारणीपुढे मान तुकवून गप्पही बसू नये. निबंध बाजूला काढावा, समासात कारण लिहावे आणि दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावा. दोघांचे एकमत झाले तर गुण बदलावेत आणि तो निबंध पुढील वर्षीच्या सारणीच्या दुरुस्तीसाठी जपून ठेवावा. लिहून ठेवलेला अपवाद दुसऱ्याला तपासता येतो. मनात ठेवलेला अपवाद आणि पक्षपात यांत मात्र बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

निकाल लागल्यावर 'ब' लिहिणारा मुलगा शिक्षकापुढे येऊन विचारील, 'सर, मला 15 च का?' तेव्हा शिक्षकाला त्याच्या निबंधातील ढोलाच्या वाक्यावर बोट ठेवता आले पाहिजे: येथे प्रश्न विचारलास, उत्तर दिले नाहीस. आणि डीजेविषयी शिक्षकाचे स्वतःचे मत काय आहे, हे त्या मुलाला आपल्या गुणांवरून ओळखता येता कामा नये.